डबे मोजून प्लॅटफॉर्मची लांबी

गणिताच्या पुस्तकातली आगगाडी नेहमी 150 मीटर लांब असते. ती 250 मीटरचा प्लॅटफॉर्म किती सेकंदांत ओलांडेल, असं विचारलेलं असतं. मी शिकवतो उर्दू आणि मराठी, पण गणिताचे शिक्षक रजेवर गेले की तो तास माझ्याकडे येतो. एकदा हेच उदाहरण फळ्यावर लिहिलं तेव्हा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, 150 मीटर म्हणजे किती डिब्बे?" पुस्तकात याचं उत्तर नाही, आणि खरं तर तेच विचारायला हवं. उत्तर आहे, जेमतेम सहा. इंजिन धरलं तर तेवढेही नाहीत.

आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना मुख्यतः दोन प्रकारचे डबे असतात. जुने, बहुतेक निळे, ते आयसीएफ. नवे, बहुतेक लाल, ते एलएचबी. मूळ आराखडा जर्मन कंपनीचा, म्हणून हे नाव. जुन्या आराखड्याचे डबे बनवणं 2018 मध्ये थांबलं. ते अजून काही गाड्यांना दिसतात, पण रंगावर भरवसा ठेवू नये, रंग बदलता येतो. दोन डब्यांच्या मध्ये पाहावं. दोन्ही बाजूंना तव्यासारखे गोल बफर समोरासमोर टेकलेले दिसले तर डबा जुना. बफर नाहीत, फक्त मधोमध जाड जोड आहे, तर नवा.

स्टेशनवर न जाताही हे कळू शकतं. तिकीट काढा. जुन्या स्लीपर डब्यात 72 बर्थ असतात, नव्यात 80. एका कप्प्यात आठ बर्थ, म्हणजे नव्या डब्यात एक कप्पा जास्त. तुमचा बर्थ 76 असेल तर डबा नवाच आहे. हा जादा कप्पा लांबीतही दिसतो. जुना डबा जोडासकट 22.3 मीटर, नवा 24 मीटर. फरक 1.7 मीटरचा, साधारण एका कप्प्याएवढा.

"जोडासकट" हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुष्कळ ठिकाणी जुन्या डब्याची लांबी 21.3 मीटर लिहिलेली असते. ती नुसत्या सांगाड्याची. डब्यामागे जवळजवळ एक मीटर बफर आणि जोडात जातो. एका डब्यात हे जाणवत नाही, पण 24 डबे मोजले की 23 मीटर निसटतात, म्हणजे अख्खा एक डबा गायब! नव्यातही सांगाडा 23.5 आणि जोडासकट 24. प्लॅटफॉर्म मोजायचा तर जोड धरलाच पाहिजे.

24 जुन्या डब्यांची गाडी नव्या डब्यांची झाली की बहुधा 22 वर येते. डबे कमी केले म्हणून लोक कुरकुरतात. पण 24 गुणिले 22.3 म्हणजे सुमारे 535 मीटर आणि 22 गुणिले 24 म्हणजे 528. गाडी होती तेवढीच आहे.

हे सगळं मी मनाला लावून घेतलं ते अम्मीमुळे. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. बहिणीकडून परतताना तिला आमच्या तालुक्याच्या स्टेशनवर रात्री उतरायचं असतं, आणि तिथे गाडी दोन मिनिटं थांबते. प्लॅटफॉर्म गाडीपेक्षा आखूड. मागचे डबे बाहेर, खडीवर उभे राहतात. तिथे उतरायचं म्हणजे पायरीवरून बरंच खाली, अंधारात. तरुण माणूस उडी मारतो. अम्मीने काय करावं?

म्हणून एका रविवारी तीच 22 लाल डब्यांची गाडी उभी असताना मी प्लॅटफॉर्म मोजला. इंजिनाचं नाक बरोबर पुढच्या टोकाला, जिथे उतार सुरू होतो तिथे होतं. हा उतार मोजायचा नाही. तो पाचेक मीटरचा असतो आणि त्यावर दार आलं तरी उतरणं धोक्याचंच. इंजिनापासून मागे चालत गेलो. 17 डबे पूर्ण प्लॅटफॉर्मवर होते, अठरावा साधारण निम्मा. आता हिशोब. विजेचं इंजिन साडेवीस मीटर धरलं. सतरा डबे, 408 मीटर. अर्धा डबा, 12 मीटर. एकूण 440 च्या आसपास. गाडी गेल्यावर त्याच अंतरावर पावलं मोजली, 630 भरली. माझं पाऊल 70 सेंटीमीटरचं, म्हणजे 441 मीटर. इतकं जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं. अर्ध्या डब्याचा अंदाज डोळ्याने केलेला असतो, तेव्हा पाच-सहा मीटर इकडेतिकडे गृहीत धरावेतच. उर्दूत 'अंदाज़ा' शब्द फ़ारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ 'माप' असाच आहे.

अम्मीचा डबा इंजिनापासून विसावा. त्याच्या पुढे इंजिन आणि 19 डबे, म्हणजे साडेवीस अधिक 456, सुमारे 476 मीटर. प्लॅटफॉर्म 440 ला संपतो. म्हणजे तिच्या डब्याचं पुढचं दारसुद्धा 36 मीटर बाहेर. अठराव्याचं मागचं दार बाहेर, पण पुढचं दार 430 च्या आसपास, प्लॅटफॉर्मवर. तिला आतूनच दोन डबे पुढे जायचं होतं. मी फोनवर एवढंच सांगितलं, "अम्मी, आधीच्या स्टेशनवरून गाडी सुटली की हळूहळू पुढे चालायला लाग. दोन डबे पुढे जा आणि त्या डब्याच्या पुढच्या दाराशी बस." ती म्हणाली, "बेटा, डिब्बे मैं गिन लूँगी, तू दरवाज़े पे खड़ा रह." मी अठराव्याच्या दाराशी उभा राहिलो आणि ती तिथेच उतरली.

मोजताना लोक चुकतात ते पार्सलचा, गार्डचा आणि जनरेटरचा डबा सोडून. आपण बसतो तेवढेच डबे त्यांना दिसतात. नव्या गाडीत हेही डबे तेवढेच लांब असतात, तेव्हा इंजिनामागचं प्रत्येक वाहन मोजावं. 'एस-4' म्हणजे चौथा डबा नव्हे. त्याच्या पुढे जनरलचे दोन-तीन आणि पार्सलचा एक असू शकतो.

शिवाय गाडी आतून सलग आहे का, हे पाहावं लागतं. रात्री एसी आणि स्लीपरमधला दरवाजा बंद असू शकतो, जनरलकडे जाणारा वाट तर बहुधा बंदच. अशा वेळी टीसीला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तिकीट काढतानाच पुढचा डबा मिळतो का पाहावं. चालक दरवेळी त्याच जागी थांबेल याचीही खात्री नाही. काही ठिकाणी मागच्यांची सोय व्हावी म्हणून इंजिन प्लॅटफॉर्मच्या पुढे नेऊन थांबवतात, मग इंजिनाची लांबी हिशोबातून गळते आणि मागे एक डबा जास्त बसतो. आणि वाटेत इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं तर सगळा क्रमच उलटतो. 22 डब्यांत विसावा असलेला डबा तिसरा होतो. त्या गाडीने आली तर अम्मीला आपल्या जागेवरून उठून दारापर्यंत यायचं, इतकंच.