कूलर आणि घामोळं

अकोल्याच्या मेमध्ये पारा ४५ला टेकतो. तिथे मी बावीस उन्हाळे काढले, पण मला कधी घामोळं आलं नाही. ते आलं मुंबईच्या ३४ अंशांत.

नोकरीसाठी एप्रिलमध्ये इथे आले. भाड्याची खोली वरच्या मजल्यावर, एक खिडकी, एक रूममेट. पहिल्या पगारातून मी कूलर घेतला. आमच्याकडे कूलरशिवाय उन्हाळा नसतोच, त्यामुळे विचार असा केलाच नाही. आठवड्याभरात मानेमागे, पाठीवर सॅकचे पट्टे येतात तिथे आणि ब्राच्या पट्टीखाली लाल, बारीक पुळ्या उठल्या. नुसती खाज नव्हती, टाचण्या टोचल्यासारखं व्हायचं. जिना चढला, गरम चहा प्यायला, की पाठभर एकदम टोचायला लागायचं.

आई फोनवर म्हणाली, "उष्णता झाली तुले. सब्जा घे. अन् काऊन वं, कूलर नाही लावत का?" लावत होते. रात्रभर लावत होते. शिवाय सकाळ-संध्याकाळ पावडर थापत होते, झोपताना खोबरेल तेल. रूममेटने एक दिवस तिचा टॉवेल उचलून दुसऱ्या खुंटीवर लावला. काही बोलली नाही. मला मात्र ते पुळ्यांपेक्षा जास्त टोचलं.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाठीवर भिंग धरलं आणि म्हणाल्या, "पुळीच्या मधोमध केस दिसत नाही. केसाच्या मुळाशी इन्फेक्शन असतं तर दिसला असता. हे घामोळं आहे. कोणाला लागत नाही." मग विचारलं, कधी कमी वाटतं? मी आठवून सांगितलं की आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जाते, एसीत बसते, तेव्हा बरं असतं. घरून काम असलं की वाढतं. "आणि घरी काय लावता?" कूलर म्हटल्यावर त्या हसल्या.

घाम अंग गार करतो तो वाळताना. अकोल्याच्या कोरड्या हवेत तो येतो तसा उडतो, कित्येकदा कळतही नाही. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो तासन्‌तास भिजला की फुगतो, पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं ना, तसं. घामाच्या नळीचं तोंड त्यात चेपलं जातं. त्वचेवर एरवी निमूट राहणारे काही जिवाणू चिकट पदार्थ सोडतात, तोही बूच बसायला मदत करतो. खालच्या ग्रंथीला याचा पत्ता नसतो, ती घाम बनवतच राहते. तो नळीतून आतल्या आत झिरपतो आणि तिथली त्वचा चिडते. ती लाल पुळी म्हणजे वाट न मिळालेला घाम. चहा प्यायल्यावर का टोचायचं, ते तेव्हा कळलं.

कूलर पाण्यावरून हवा ओढतो आणि ओली करून खोलीत सोडतो. कोरड्या गावात ते वरदान. इथे मी पैसे मोजून खोलीतला दमटपणा वाढवत होते. तेलाने नळ्यांची तोंडं आणखी झाकली जात होती आणि पावडरीचा घामात लगदा होत होता.

औषध फारसं नव्हतंच. खाजेसाठी कॅलामाइन लोशन, आणि चार-पाच दिवस एक सौम्य स्टेरॉइड क्रीम. मेडिकलवाल्याने दिलेली तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब मी पर्समधून काढली, तर त्यांनी ती बाजूलाच ठेवली. त्यात तीव्र स्टेरॉइड होतं. अशा ट्यूबने खाज दबते, पण त्वचा पातळ होते आणि नायटा असला तर तो लपून पसरतो. खरा उपाय म्हणजे अंगाला घामच कमी येऊ देणं. साध्या पाण्याने आंघोळ, टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडे, केस वर बांधणं, पंख्याचा झोत थेट पाठीवर, सॅकऐवजी हातात पिशवी.

तीन दिवसांत टोचणं थांबलं. मी खुशीत रविवारी दुपारी दादर मार्केटला गेले आणि संध्याकाळी पाठ पुन्हा पेटली. खाज गेली तरी बुचं लगेच निघत नाहीत. वरचा थर झडून नवा यायला दोनेक आठवडे लागतात आणि तोवर त्या जागी नीट घाम येत नाही. घामोळं वारंवार होऊन अडथळा खोल गेला, तर पुळ्या कातडीच्याच रंगाच्या दिसतात, खाजही नसते, पण अंगाचा मोठा भाग घामच सोडत नाही. अशा माणसाला उन्हात चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली, तर त्याला ताबडतोब गारव्यात न्यायचं. आणि पुळीत पू झाला, दुखू लागली किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे परत. माझं तिथवर गेलं नाही.

रूममेटला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं खरूज आहे. विचारायची लाज वाटली." टॉवेल जुन्या खुंटीवर आला.

कूलर मी अर्ध्या किमतीत विकायला काढला. न्यायला आलेल्या काकांनी बटण फिरवून पाहिलं आणि विचारलं, "इथे चालतो ना चांगला?"

"तुम्ही कुठे लावणार?"

"गावी. जळगावला."

"मग घ्या बिनधास्त."