ट्रंकेतला शेवटचा नऊ

वाटणीच्या वेळी माणसं कशी वागतात हे ज्याला पाहायचं असेल त्याने दागिन्यांच्या वाटणीला जाऊ नये. तिथे सगळे सावध असतात, शब्द मोजून बोलतात. त्याने पत्र्याच्या ट्रंकेच्या वाटणीला जावं. तिथे माणसं मोठ्या मनाची होतात. "तूच ने रे", "छे छे, तुझा हक्क आधी", असा औदार्याचा महापूर लोटतो आणि शेवटी ट्रंक त्याच्या गळ्यात पडते, ज्याला नाही म्हणता येत नाही.

वाईच्या घरातली ट्रंक अशीच माझ्या मावसबहिणीच्या, कुंदाताईच्या गळ्यात पडली. तिच्या वडिलांच्या आईची ती ट्रंक. आजी सत्त्याण्णव वर्षांची होऊन गेली. घर विकायचं ठरलं, तेव्हा तिन्ही चुलतभावांनी आपापल्या सदनिकेचं क्षेत्रफळ चौरस फुटांत सांगून ट्रंक नाकारली. कुंदाताईचा फ्लॅट सगळ्यांत लहान. पण ती आजीची लाडकी होती, म्हणजे आपल्याकडच्या रीतीप्रमाणे अडगळीची कायदेशीर वारस.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो तो चकल्यांच्या आशेने. पाहतो तर डायनिंग टेबलावर पातेल्यात चिंच भिजत घातलेली आणि शेजारी वर्तमानपत्रावर नाण्यांचा ढीग.

"बरा आलास बाळ्या. आजीच्या ट्रंकेत तळाशी बटवा सापडला. त्रेचाळीस रुपये आहेत. लक्ष्मीपूजनाला मांडावेत म्हणून जरा चकचकीत करते."

"ताई, आधी ती चिंच आमटीत घाल," मी म्हटलं.

मी काही नाण्यांतला जाणकार नव्हे. पण बँकेत वीस वर्षं काढली आहेत आणि आमचे निवृत्त हेडकॅशिअर जुनी नाणी जमवतात. त्यांच्याकडून एक गोष्ट शेकडो वेळा ऐकलेली : जुनं नाणं घासणं म्हणजे त्याची किंमत घासणं. चांदीवर वर्षानुवर्षं जो काळसर थर चढतो तो मळ नव्हे, तो त्या नाण्याचा जन्मदाखला. चिंच, रांगोळी, टूथपावडर यांनी तो निघतो, पण त्याबरोबर वरचा पापुद्राही जातो, बारीक ओरखडे उठतात, आणि संग्राहक असं नाणं भिंगातून पाहिल्याबरोबर खाली ठेवतो. नाण्याला कडी डकवून त्याचा हार करणं हे याच्याही पुढचं पातक.

पण घरातल्या मंडळींचं लक्ष या त्रेचाळीस काळ्या रुपयांकडे नव्हतंच. बटव्यात आणखी एक पिवळं, जाडजूड नाणं होतं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. भाच्याने मोबाइलवर पाहून त्याची किंमत पंचवीस लाख ठरवली होती. एका सद्गृहस्थाचा फोनही आला होता. तो म्हणे रिझर्व्ह बँकेतर्फे जुनी नाणी खरेदी करतो. फक्त नोंदणीचे चार हजार आधी भरायचे.

इथे मात्र माझ्यातला बँकवाला जागा झाला. रिझर्व्ह बँक असली खरेदीविक्री करत नाही, कमिशन मागत नाही. आपलं नाव वापरून लोकांना असं फसवलं जातं, असा इशारा तिने २०२१ साली जाहीरपणे दिला आहे. आणि ज्याला पंचवीस लाख द्यायचे आहेत तो त्यातून चार हजार वळते का करून घेत नाही, हे कॉमर्सची पदवी नसतानाही कळायला हरकत नाही. राहिलं ते रामदरबाराचं नाणं. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. जत्रेत, तीर्थाच्या ठिकाणी पूजेसाठी विकायला केलेली ही पदकं. त्यावर जुनं साल घातलं की ती चार पैसे जास्त देतात. भाचा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

ताईने शेवटी विचार केला की रुपयेच मोडावेत. लेकीच्या वसतिगृहाची फी तोंडावर आली होती. गल्लीतल्या सराफाने सगळे एकदम काट्यावर टाकले. पूर्वीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. हा जुना तोळा. सराफाचा हल्लीचा तोळा दहा ग्रॅमचा. त्रेचाळीस रुपयांचे हिशेबाने ५०१ ग्रॅम व्हायला हवेत. काटा ४९८ वर थांबला. तीन ग्रॅम ऐंशी वर्षांच्या हाताळणीत झिजले असणार. सराफ म्हणाला, "चांदी चांगली आहे, वजनावर घेतो." भावही वाजवी होता. त्याची काही चूक नाही; त्याच्या काट्याला साल वाचता येत नाही.

"देऊन टाकू?" ताईने विचारलं.

"यादी केल्याशिवाय नाही," मी म्हटलं. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. आमच्या खात्यात यादी न करता काहीच हलत नाही; टाचण्यांचीही यादी असते. घरी येऊन मी रकाने आखले : राजा, साल, नग. व्हिक्टोरिया राणीचे सहा, सातव्या एडवर्डचे चार, पंचम जॉर्जचे अठ्ठावीस, सहाव्या जॉर्जचे पाच. या शेवटच्या पाचांत चार १९३८ चे. पाचव्यावर साल होतं १९३९.

मी यादी फोनवरून हेडकॅशिअरसाहेबांना वाचून दाखवली. शेवटच्या ओळीला पलीकडे शांतता पसरली. मग आवाज आला, "त्याला हात लावू नका. धरायचं तर कडेने धरा. मी रिक्षाने येतो." हा माणूस निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या सत्कारालासुद्धा बसने आला होता.

१९३९ च्या रुपयाची गोष्ट अशी. तोवरच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असे. युद्ध सुरू झालं, लोक चांदीचे रुपये दडवायला लागले, तेव्हा सरकारने १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली आणि त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट काढली. मग १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने जुने चांदीचे रुपये चलनातून रद्द केले, ते परत घेऊन वितळवले. १९३९ च्या सालाचे, पूर्ण चांदीचे रुपये मुळातच फार थोडे बाहेर आले होते. त्यातून वितळण्यापासून वाचले ते आणखी थोडे. १९३८ चा रुपया चांदीच्या भावाच्या आसपास मिळतो. १९३९ चा लिलावात लाखांत जातो. मधे फरक एका आकड्याचा.

आणि जिथे एका आकड्याचा फरक लाखाचा, तिथे तो आकडा करणारेही असतात. आठाचा नऊ करायला खालच्या वाटोळ्याची एक बाजू तासली की पुरतं. चेक खाडाखोड करणारे आम्ही पाहिले आहेत. हे त्यांचे चुलतभाऊ.

साहेबांनी खिशातून भिंग काढलं, दहापट मोठं दाखवणारं. ताईने वजनकाटाही पुढे केला. "वजन खोटं ओतीव नाणं पकडायला उपयोगी," ते म्हणाले. "ओतीव नाणं बहुधा वजनात चुकतं, पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत दिसतो, बारीक भोकं असतात, कडेला जोड दिसतो. पण आठाचा नऊ केलेला असेल तर नाणं अस्सल, चांदी अस्सल, वजन अस्सल. खोटा फक्त आकडा. तिथे काटा काय करणार?"

मग त्यांनी १९३८ चा एक रुपया शेजारी ठेवला आणि दोन्हींवर आळीपाळीने भिंग फिरवलं. आधी शेवटच्या आकड्याभोवतीची जागा पाहिली. तासलं असेल तर तिथे ओरखडे असतात, पातळी किंचित खोल जाते, आणि काळपटपणा बाकीच्या नाण्यापेक्षा वेगळा दिसतो. इथे काळा रंग आकड्याच्या कडेकपारीत शिरून एकसारखा पसरला होता. ताईची चिंच दहा मिनिटं आधी लागली असती तर हा साक्षीदार गेला होता. मग ते म्हणाले, "१९३९ मध्ये नऊ दोनदा येतो. खोटं करणारा दुसरा नऊ घडवतो, पहिला तसाच राहतो. दोघांचं वळण जुळतंय का बघा." आम्ही एकेक डोळा मिटून पाहिलं. दोघे नऊ सख्ख्या भावांसारखे होते. म्हणजे वाटणीच्या आधीच्या सख्ख्या भावांसारखे. शेवटी त्यांनी फुलाखालचा बारीक ठिपका पाहिला. ती मुंबई टांकसाळीची खूण. तीही जागेवर होती.

साहेबांनी भिंग मिटलं. "आजीबाईंनी हा रुपया बँकेत भरला नाही, हे फार चांगलं केलं." बँकेच्या इतिहासात हे वाक्य कुठल्या हेडकॅशिअरने उच्चारल्याची नोंद नसावी.

आता किंमत. साहेबांचा सल्ला असा की दुकानोदुकानी नाणं दाखवत फिरू नये; लिलावात द्यावं. लिलाववाले आपल्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासतात, फोटो काढून यादीत छापतात, याच्या खाली विकायचं नाही अशी रक्कम ठरवून घेतात, आणि विक्रीवर आपलं कमिशन कापतात. पावती मात्र आधी घ्यायची, नाण्याच्या दोन्ही बाजूंच्या फोटोसकट. वेळ लागतो, सहा महिनेसुद्धा. ताईने फीसाठी व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज सराफाकडे पाठवले. साहेबांनी प्रत्येक नाणं पाहून, त्यात दुर्मीळ काही नाही असं सांगितल्यावरच. १९३८ चे चार रुपये तिने घरी ठेवले.

बातमी भावांना कळली. ज्यांच्या घरात ट्रंकेला जागा नव्हती त्यांच्या घरात रुपयाला जागा निघाली. एकाने विचारलं, हे सरकारजमा तर होणार नाही? गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे आणि तो जमिनीत पुरलेल्या धनाला लागतो. आजीने बटवा लुगड्याखाली ठेवला होता, अंगणात नव्हे. दुसऱ्याने विचारलं, ट्रंक सर्वांची होती ना? त्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात ताईच म्हणाली, "होती. चार वाटे करू." मला तिचा राग आला. भावांचे चेहरे मात्र असे पडले की वाटलं, यापेक्षा भांडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

लिलाव झाला. आकडा सहा अंकी आला. ताईच्या वाट्याला जे आलं त्यात लेकीची उरलेली दोन वर्षं निघतील. त्याची मुदतठेव मीच करून दिली, आणि फॉर्मवर तिची सही घेताना सहज विचारलं, "वाईट नाही वाटलं? आजीचं लग्न एकोणचाळीसचं. त्या सालचा रुपया होता."

"आजीला साल वाचता येत नव्हतं रे," ती म्हणाली. "तिच्या दृष्टीने ते सगळे भाऊबिजेचे रुपये. भावाने घातले म्हणून मोडले नाहीत, एवढंच."

"मग आठवण म्हणून काय ठेवलंस? ते अडतीसचे चार?"

"ते लेकीला दिले. मी ते रामदरबाराचं ठेवलंय, देवघरात. ते आजी रोज धुवायची."

बाजारात ज्याला फुटकी कवडीही येणार नाही ते नाणं आता तिच्या देवघरात आहे आणि रोज चिंचेने लख्ख घासलं जातं. त्याला कोणी काही म्हणायचं कारण नाही. त्याची किंमत कमी होण्यासारखी नाही.