मधला मध्यम

परवा पुण्याहून नातीने गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. गीतरामायणातलं पहिलंच गाणं, ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’. खाली एवढंच विचारलं होतं, “आजोबा, कसं झालंय? खरं सांगा.” दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. त्यामागे जुनी गोष्ट आहे, ती आज लिहून टाकतो.

१९८४ साली माझी बदली धार जिल्ह्यातल्या बागला झाली. लेणी आणि ठशांची कापडं यासाठी गाव प्रसिद्ध, पण मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रामनवमीला आम्ही सगळे कुणा एकाच्या क्वार्टरमध्ये जमायचो. त्या वर्षी गाण्याची वेळ माझ्यावर आली. खरं म्हणजे मी सहा वर्षं गायलो नव्हतो. आधीच्या गावी एका मैफिलीत एक गृहस्थ चारचौघांत म्हणाले होते, “तुम्ही आकडे सांभाळा, सूर तुमच्या खात्यात जमा होत नाहीत.” लोक हसले, मीही हसलो आणि घरी येऊन गाणं बंद केलं. काय चुकलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

बागला आमच्या हिने पेटी धरली, शाळेतल्या एका मास्तरांनी तबला. गाणं झालं, टाळ्या झाल्या. कुणीतरी टू-इन-वनवर टेप केलं होतं. उन्हाळ्यात ती कॅसेट घेऊन आम्ही दोघं देवासला गेलो. बाग ते धार, धार ते इंदूर, इंदूर ते देवास, अशा तीन बसा. तिथे वडिलांच्या ओळखीचे एक बुवा राहायचे. पेटी-तबला दोन्ही शिकवायचे, वय सत्तरीच्या पुढे.

बुवांनी कॅसेट दोनदा ऐकली. पहिल्यांदा डोळे मिटून. दुसऱ्यांदा मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि मांडीवर बोटं मोजत बसले. मग हिला म्हणाले, “वहिनी, आत चहाचं बघता का जरा?” ही आत गेल्यावर मला विचारलं, “नुसतं छान म्हणू, की सांगू?” मी म्हटलं, सांगा.

“आधी जमेची बाजू,” ते म्हणाले. “तुमचा मंद्रातून वर येणारा सा पक्का आहे. शब्द स्वच्छ आहेत, जोडाक्षर कुठेही गिळलेलं नाही. हे शिकवून येत नाही लवकर. आता तीन गोष्टी.”

पहिली गोष्ट पट्टीची. “पेटी काळी दोनची धरली आहे. वहिनींच्या गळ्याला ती ठीक, तुमच्या नाही. अंतऱ्यात वरच्या सा वर जाताना तुम्ही ढकलून जाता. पोहोचता, पण टिकत नाही, स्वर केसभर खाली बसतो. ओळखायचं कसं? हनुवटी वर उचलली गेली की समजा पट्टी उंच आहे. पांढरी एकमधून गाऊन पाहा. सा तोच राहील, नुसता सोपा होईल.”

दुसरी गोष्ट स्वराची. “या गाण्याचा पाया भूप. सा रे ग प ध, पाचच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. तुम्ही प वरून ग वर उतरता तेव्हा मधे मध्यमावर पाय पडतो. अगदी निसटता, पण दरवेळी. म्हणून ती ओळ भूप न वाटता भलतीच ओळखीची वाटायला लागते.” त्यांनी पेटीवर प वाजवला, बोट उचललं, मग ग वाजवला. “आधी असे तुटक म्हणा, प आणि ग. वीस वेळा. मग जोडा. मींड घ्यायची असेल तर घ्या, पण वाटेत उतारू घ्यायचा नाही.” मग हसून म्हणाले, “तुमच्या बागला ठसे मारतात ना? रेघेवर दुसरा ठसा बरोबर बसला नाही तर रंग बाहेर येतो. कापड वाया नाही जात, पण नजर तिथेच जाते.”

तिसरी गोष्ट लयीची, आणि इथे माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. बुवांनी आठ मात्रांची आवर्तनं घड्याळ लावून मोजली होती. सुरुवातीच्या मिनिटात दहा आवर्तनं, म्हणजे ऐंशी मात्रा. शेवटच्या मिनिटात बारा, म्हणजे शहाण्णव. “तबलजी पळाला असं तुम्हाला वाटत असेल. तो बिचारा तुमच्यामागे धावतोय. सुधीर फडक्यांच्या गाण्यात ओळ संपली की वाद्यं वाजतात. तुमच्याकडे वाद्यं नाहीत, म्हणून ती जागा रिकामी वाटते आणि तुम्ही पुढची ओळ दोन मात्रा आधीच उचलता. रिकाम्या मात्रा पण मात्राच असतात, साहेब. त्या मांडीवर मोजा. शिल्लक शून्य दिसली तरी खातं बंद झालेलं नसतं.”

मी विचारलं, “आणखी काही?” म्हणाले, “आहे. पण तीन झाल्यावर माणूस ऐकत नाही, नुसता घाबरतो. पुढच्या खेपेला.”

मग म्हणाले, “दुसऱ्याचं गाणं म्हणणं कमीपणाचं समजू नका. आमच्या देवासचे कुमारजी लहानपणी मोठमोठ्यांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणायचे, लोक तोंडात बोटं घालायचे. तरी पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे बसून शिकलेच ना. नक्कल म्हणजे दार आहे, घर नव्हे.”

निघताना हळू आवाजात म्हणाले, “तो मध्यम गळ्यात आला कुठून माहीत आहे? वहिनींचं बोट प वरून ग वर घसरताना मधल्या पट्टीला लागतं. तुम्ही तेच ऐकून गाता. पण हे मी सांगितलं म्हणू नका. दोघं मिळून प आणि ग घोटा, आपोआप सुटेल.”

मी हिला काही बोललो नाही. बागला परतल्यावर रोज रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं प आणि ग. पेटी पांढरी एकवर. पंधरा-वीस दिवसांनी उतारावरचा मध्यम गेला. लय सुटायला मात्र वर्ष लागलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही उत्साहात आलो की पळतो. पुढच्या रामनवमीला मी पुन्हा गायलो. वरचा सा लागला आणि टिकला. तेव्हा पेटीवरून हिने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

ही जाऊन आता तीन वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली, “देवासला बुवांनी मला चहाला का पाठवलं होतं, मला तेव्हाच कळलं होतं. दाराआड उभी होते मी.” मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, “त्यांनी इतकं सांभाळून सांगितलं, मी कशाला मोडू?”

जुनी कॅसेट मुलाने फोनवर उतरवून दिली आहे. त्यात तो मध्यम अजून आहे, गळ्यातही आणि पेटीतही. आज तो मला चुकीचा वाटत नाही, पण तो माझा प्रश्न झाला.

नातीच्या गाण्यात सूर चांगले आहेत. कराओकेच्या ट्रॅकमुळे लयही पळत नाही. फक्त दुसऱ्या कडव्यात ओळीच्या मधे, शब्द तोडून श्वास घेतला आहे. तो ओळ सुरू होण्याआधीच्या रिकाम्या दोन मात्रांत घेता येतो. आज रात्री तिला फोन करीन. आधी जमेची बाजू सांगेन, मग ही एकच गोष्ट. आणि आई जवळ बसली असेल तर तिला चहा ठेवायला सांगेन.