काखेतील गाठींची कैफियत

“औषध लागू पडले, त्याअर्थी रोगही तोच होता,” हे वाक्य ज्या सर्जनसाहेबांनी मला ऐकविले ते स्वभावाने सालस, हाताने कुशल आणि गरिबाकडून फी घेताना मनापासून संकोचणारे असे गृहस्थ होते. आणि कदाचित त्यामुळेच त्या वाक्याचा सल माझ्या मनातून आजतागायत गेलेला नाही. दुष्ट माणसाने केलेल्या अन्यायाचा राग येतो आणि ओसरतो. भल्या माणसाने, पुरावा समोर ठेवून आणि तर्काची पायरी न चुकवता केलेल्या अन्यायाचे करावे काय, हे मला अद्याप उमगलेले नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. महसूल खात्यात कारकुनीवर रुजू झालो त्याच सुमारास डाव्या काखेत एक गाठ आली. आईने काखमांजरी म्हणून जवसाचे पोटीस बांधले, गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ती फुटली आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी धरून चालले. पुढे ती तेथेच पुन्हा आली. नंतर उजव्या काखेत, त्यानंतर दोन्ही जांघांत. चिरा दिल्या गेल्या, रक्तातील साखर तपासली गेली ती प्रमाणात निघाली, आंबा आणि अंडी वर्ज्य झाली, आणि दिवसातून दोनदा कडुनिंबाच्या पाण्याने स्नान करण्याचा उपदेश ज्याने त्याने केला. या उपदेशाने अंगापेक्षा मनच अधिक सोलवटून निघत असे, कारण त्यात मी अस्वच्छ आहे हा निकाल आधीच गृहीत धरलेला होता.

वस्तुतः साधे गळू आणि हा विकार यांतील भेद डोळ्यांनी दिसण्याजोगा आहे. पाहणारा मात्र हवा. त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या मानेवर एक केसतोड उठली. प्रथम लाली, मग ठणका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्यभागी पिवळसर तोंड, पुढे ते फुटून पू आणि पाठोपाठ घट्ट बोंड बाहेर, आणि आठवडाभरात केवळ एक तांबूस डाग. केसाच्या मुळाशी जंतूंचा शिरकाव झाला, शरीराने त्यांस घेरले, बाहेर काढले आणि दार लावून घेतले, इतका सरळ तो व्यवहार. माझ्या गाठीस तोंड म्हणून नसेच. ती त्वचेखाली खोलवर, टणक आणि गोल अशी बसे. हात शरीराशी टेकवता येत नसे, म्हणून दफ्तरातील वरच्या फळीवरची फेरफाराची नोंदवही काढावयाची झाली की मी शिपायास हाक मारीत असे. फुटे तीही आडवी, आतल्या आत. काही वर्षांनी तर अशी अवस्था झाली की काखेच्या पुढल्या बाजूस दाबले असता मागील बाजूच्या छिद्रातून लस येई, म्हणजे उंदराने शेताच्या बांधात पाडलेल्या बिळांप्रमाणे आतून मार्ग जोडले गेले होते. शेजारी शेजारी दोन दोन काळे ठिपके, जणू एकाच पुटकुळीस दोन तोंडे, आणि बऱ्या झालेल्या जागी दोरीसारखा उंचवटा असलेला व्रण. पू तपासावयास पाठविला तर प्रयोगशाळेकडून बहुधा ‘जंतूंची वाढ नाही’ असा अहवाल येई. साध्या गळवात जे जंतू हमखास सापडावयाचे, ते येथे सापडत नसत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी त्या सर्जनसाहेबांनी काखेतील एक जुनाट गाठ काढली आणि तिचा तुकडा तपासणीस पाठविला. अहवालात दोन वाक्ये होती: ग्रॅन्युलोमायुक्त जुनाट दाह आढळतो, क्षयरोगाच्या शक्यतेची पडताळणी करावी. आयुष्यभर शेरे वाचण्यात आणि लिहिण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसास ‘पडताळणी करावी’ हा शेरा आणि ‘आदेश’ यांतील अंतर कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पडताळणी म्हणजे तोच पू क्षयजंतूंसाठी तपासणे, त्याचे संवर्धन करणे, छातीची क्षकिरण तपासणी करणे. त्यांपैकी केवळ छातीचे चित्र काढले गेले, ते निर्मळ निघाले, तेव्हा हा फुफ्फुसाबाहेरील क्षय असला पाहिजे असा निष्कर्ष काढण्यात आला. म्हणजे पुरावा मिळाला असता तरी क्षय, आणि न मिळाला तरी क्षयच! सरकारी क्षयरोग विभागात माझे नाव दाखल झाले, वजनानुसार गोळ्या ठरल्या, आणि प्रथम दोन महिने चार औषधे व पुढे चार महिने तीन असा सहा महिन्यांचा उपचार सुरू झाला.

आणि गंमत अशी की मला आराम पडला. लघवी नारिंगी-तांबडी होऊ लागली, जिभेची चव गेली, पण काखेतील लस आटली, जांघेतील गाठी बसल्या, कित्येक वर्षांत प्रथमच मी डाव्या कुशीवर निजलो. सर्जनसाहेबांना मी जातीने जाऊन पेढे दिले. याच भेटीत त्यांनी, मी आरंभी दिलेले ते वाक्य उच्चारले, आणि खरे सांगतो, मलाही ते पटले. कचेरीत माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला गेला होता, धाकट्या बहिणीच्या सोयरिकीच्या बोलण्यात ‘घरात कोणाला काही आजार?’ या प्रश्नावर वडील गप्प बसले होते, हे सर्व त्या आरामापुढे मी क्षम्य मानले. उपचार संपला, रजिस्टरात ‘उपचार पूर्ण’ अशी नोंद झाली, आणि दोन-तीन महिन्यांत जुन्या जागी जुनीच गाठ पुन्हा उभी राहिली. तेव्हा औषधांस दाद न देणारा क्षय असावा, अशी नवी शंका निघाली. रोगाचे निदान बदलण्याऐवजी रोगाची जात अधिक भयंकर ठरविण्यात आली.

त्या धास्तीने मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचाविभागात गेलो. तेथील डॉक्टर बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शर्ट काढावयास लावून दोन्ही काखा आणि नंतर जांघा उजेडात पाहिल्या, आणि तीनच गोष्टी विचारल्या: गाठी याच ठिकाणी येतात का, सहा महिन्यांत दोनदा किंवा अधिक येतात का, आणि घरात आणखी कोणास असे होते का. तिसऱ्या प्रश्नावर मला आत्याची आठवण झाली, जी उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे पोलके सोडीत नसे. “तुम्हाला क्षय झाला होता असे मला वाटत नाही,” बाई म्हणाल्या, “हा हायड्राडेनायटिस.”

त्यांनी सांगितलेले मी माझ्या शब्दांत मांडतो. केस ज्या सूक्ष्म पिशवीत रुजलेला असतो तिचे तोंड मृत त्वचेच्या पापुद्र्यांनी बुजते. आत साचत गेलेला मळ आणि केसाचे तुकडे यांनी ती फुगते आणि त्वचेखालीच फुटते. शरीर या स्वतःच्याच द्रव्यास परके समजून त्यावर तुटून पडते, आणि त्या परक्याभोवती ज्या पेशींचा गराडा पडतो तोच सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा म्हणून दिसू शकतो. व्हेर्नई नामक फ्रेंच शस्त्रवैद्याने १८५४ मध्ये या व्याधीचे मूळ घामाच्या ग्रंथींत कल्पिले आणि नावही तसेच पडले. ग्रंथी मात्र मागाहून बळी पडतात, आरंभ केसाच्या पिशवीपासूनच होतो. हा संसर्गजन्य नाही, अस्वच्छतेचा नाही. मग आराम का पडला? क्षयाच्या त्या चार औषधांपैकी रिफाम्पिसिन हे या विकारातही, क्लिंडामायसिनच्या जोडीने, सुमारे दहा आठवडे देण्याची पद्धत आहे. ते जंतूंबरोबर दाहही शमविते. म्हणजे औषध लागू पडले ते खरे, पण रोग तो नव्हे!

बाईंनी मला रिफाम्पिसिन पुन्हा दिले नाही. क्षयाचा एवढा प्रादुर्भाव असलेल्या देशात ते औषध जपून वापरावे, असे त्यांचे मत. डॉक्सिसायक्लिन आणि लावावयाचे क्लिंडामायसिन यांवर काही काळ काढला, सिगारेट बंद करविली गेली (तिने रोग गेला असे मी म्हणणार नाही, पण ती सोडल्याचे मला दुःखही नाही), आणि डाव्या काखेतील जुन्या नाडीव्रणाचे छप्पर शस्त्राने उघडून टाकण्यात आले. येथे चिरा देणे आणि छप्पर उघडणे यांत महदंतर आहे. चिऱ्याने पू निघतो, वेदना त्या क्षणी उतरते, परंतु आतील अस्तर जागच्या जागी राहते आणि गाठ बहुधा परत येते. छप्पर काढल्यावर तळ उघडा ठेवतात, टाके घालीत नाहीत, आणि जखम तळातून वर कित्येक आठवड्यांनी भरून येते. सुरीचा मला आयुष्यभर तिटकारा. पण त्या काखेत गाठ पुन्हा आली नाही, ती त्याच सुरीमुळे. जांघेतील विकार मात्र अजून चालू आहे, आणि तो समूळ जाईल असे आश्वासन कोणीही देत नाही.

आता उरते ते क्षयाच्या नोंदीचे. गेल्या वर्षी बाईंनी अॅडॅलिम्युमॅब या आठवड्यास एक याप्रमाणे घ्यावयाच्या इंजेक्शनचा विचार काढला. हे औषध शरीराच्या दाहशक्तीस लगाम घालते, त्यामुळे अंगात सुप्त असलेला क्षय उसळू शकतो, म्हणून आधी क्षयाच्या चाचण्या कराव्या लागतात आणि पूर्वी क्षय झाला होता काय हे लिहून द्यावे लागते. झाला होता काय? दफ्तर म्हणते झाला होता. जमिनीच्या उताऱ्यावर चुकीचे नाव चढले तर ते दुरुस्त करण्याचा अर्ज कोठे करावयाचा, पंचनामा कोण करील, सुनावणी कोणापुढे होईल, हे मी झोपेतही सांगेन. न झालेल्या रोगाची नोंद कमी करण्याचा अर्ज कोठे करावा हे मला कोणी सांगू शकले नाही. बाईंनी शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर ‘क्षयोपचार घेतला, निदान सिद्ध नव्हते’ असे लिहिले. सर्जनसाहेबांवर माझा राग नाही असे मी लोकांना सांगतो. बाई ते वाक्य लिहीत असताना मात्र मला त्यांचा राग आला होता, आणि हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.

ज्यांच्या काखेत, जांघेत, स्तनांखाली वा पार्श्वभागी गाठी पुनःपुन्हा येत असतील त्यांस एवढीच विनंती: पुढला चिरा देण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांस त्या जागा उजेडात दाखवा, आणि कोणी क्षयाच्या गोळ्या सुरू करू म्हणाले, तर पहिली गोळी घेण्याआधी पू क्षयजंतूंसाठी तपासला काय हे विचारा आणि अहवालाची प्रत मागून घ्या.