पन्नास टक्के कशावर?

गेल्या वर्षी धनत्रयोदशीला पंधरा दिवस असताना मी जयपूरला थोरल्या बहिणीकडे गेले होते. तिच्या शेजारच्या काकांचे जौहरी बाजारात दागिन्यांचे दुकान आहे. नेहमीच्या ग्राहकांना ते दर सणाला हिंदीत वार्तापत्र पाठवतात. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला आहे, हे ऐकताच त्यांनी मसुदा माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "बिटिया, ज़रा चमका दो।"

मसुदा आधीच डोळे दिपवणारा होता : "50% की महाबचत! हर गहना हॉलमार्क!"

मी विचारले, "पन्नास टक्के कशावर?"

"गढ़ाई पर।"

म्हणजे फक्त घडणावळीवर! आम्ही कागद घेऊन बसलो. दहा ग्रॅमची साखळी, सोयीसाठी भाव ग्रॅमला दहा हजार. सोने एक लाखाचे. घडणावळ 12 टक्के, म्हणजे 12,000. ती निम्मी केली, की ग्राहकाचे 6,000 वाचतात. 1,12,000 रुपयांवर ही सूट साडेपाच टक्केही भरत नाही. त्यातून सणाआधी कुणी घडणावळ 18 टक्क्यांवर नेऊन मग निम्मी केली, तर खरे वाचतात तीनच हजार. काकांनी तसे केले नव्हते. पण वाचणाऱ्याला ते कळावे कसे? म्हणून मी लिहिले : "22 कैरेट की सादी चेन पर गढ़ाई 12% की जगह 6%। सोने के भाव पर कोई छूट नहीं।"

हॉलमार्कचे वाक्य तर जयपुरात अधिकच अवघड. साध्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. 2023च्या एप्रिलपासून हॉलमार्कमध्ये तो लागतोच. पण कुंदन, पोलकी आणि जडाऊ या कामाला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे, आणि काकांचे निम्मे दुकान त्याच कामाचे! मग "हर गहना" कसे लिहायचे? शिवाय कुंदनाच्या पोटात लाख भरलेली असते. हार तराजूवर जड भरतो, मोडायला नेला की हिशेब फक्त सोन्याचा होतो. मी दुसरे वाक्य केले : "कुंदन के बिल में कुल वज़न, शुद्ध सोने का वज़न और नगों की क़ीमत अलग-अलग लिखी मिलेगी।"

हे काकांना पटले. अडले ते "कोई छूट नहीं" या शब्दांवर. ही ओळ वाचून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, म्हणून त्यांनी त्यावर रेघ मारली. त्यांची भीती खोटी नव्हती. सणाचे हे चार दिवस म्हणजे त्यांची वर्षाची कमाई.

इतका वेळ गप्प असलेल्या सूनबाई बोलल्या, "बाबूजी, बिल पर झगड़ा करने वाले तो मेरे काउंटर पर आते हैं।" मागच्या दिवाळीत एका बाईंनी भर दुकानात जाहिरात नाचवून निम्म्या किमतीत बांगड्या मागितल्या होत्या म्हणे.

काकांनी पुन्हा पेन घेतले. खोडलेली ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आणि गढ़ाईच्या आकड्याच्या अगदी शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात छापायला सांगितली.