धानाचा भाव चढतो तेव्हा

गोंदियाच्या राईस मिलमध्ये दिवाळीनंतर धानाची आवक सुरू झाली की भावही हलू लागतात. ईआरपीत साठ्याचे हिशेब बसवून देणे हे माझे काम, त्यामुळे भाव एकदम चढला की मिलमालकाची मागणी ठरलेली असते: ‘गोदामातला जुना माल आजच्या भावाने करून द्या.’ सरकारी भरडाईचे धान मिलच्या मालकीचे नसते. मी बोलतोय मिलने स्वतः विकत घेतलेल्या धानाबद्दल.

ईआरपीनेक्स्टमध्ये हे अगदी सोपे आहे. Stock Reconciliation उघडायचे, Valuation Rate बदलायचा, नोंद सबमिट करायची. खरी गोष्ट पुढे घडते.

समजा, 2,200 रुपयांनी घेतलेले 1,000 क्विंटल धान शिल्लक आहे आणि भाव 2,800 झाला. दर बदलताच साठा 6 लाखांनी फुगतो आणि तेवढीच रक्कम Stock Adjustment खात्यात जमा होते. मार्चअखेर यातले 400 क्विंटल भरडून विकले गेले, तर विकलेल्या मालाचा खर्च 8 लाख 80 हजारांऐवजी 11 लाख 20 हजार दिसतो. म्हणजे खर्च 2 लाख 40 हजारांनी वाढला, पण जमा झाले 6 लाख. उरलेले 3 लाख 60 हजार नफ्यात मिसळतात. तो नफा न विकलेल्या 600 क्विंटलवरचा आहे, मिलच्या हाती आलेला नाही. वर्षात सगळा माल विकला गेला असता तर दोन्ही बाजू जुळल्या असत्या. तरी तांदळाचा मार्जिन कमी आणि दुसऱ्याच खात्यात नफा, असे विचित्र चित्र राहिलेच असते.

लेखामानक 2 सांगते की साठा खरेदीखर्च किंवा निव्वळ वसूल होणारी किंमत, यांतील कमी असेल त्या रकमेने दाखवायचा. म्हणून भाव चढला तर जुना माल जुन्याच खर्चाने राहतो. नवी गाडी 2,800 ने आली की भारित सरासरी आपोआप वर सरकते. भाव पडला तरी धानाची किंमत लगेच उतरवायची नसते. आधी त्यातून निघणाऱ्या तांदळाचा हिशेब बघायचा. तांदूळ आपल्या खर्चाला किंवा त्याहून जास्त भावाला विकला जाणार असेल, तर धान आहे तसेच राहते. 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, तेव्हाही पडताळायचे होते ते देशात मिळणाऱ्या तांदळाच्या भावाशीच.

मालकाची काळजी मात्र खरी आहे. आज विकलेल्या तांदळाच्या पैशात उद्याचे धान आले पाहिजे. त्यासाठी 2,800 चा आकडा विक्रीच्या दरपत्रकात धरावा, साठ्याच्या नोंदीत नाही. वर्षअखेर ताळेबंद करण्याआधी Stock Adjustment खाते उघडून पाहा. तिथे मोठी जमा रक्कम दिसली, तर नफा वाटून घेण्याआधी ती कुठून आली ते शोधा.