मुहूर्ताच्या वेळी मी कोठे असेन

चि. सौ. कां. बाळ हीस,



सीमांतपूजन आटोपून आता पाहुण्यांची निजानीज झाली आहे, आचाऱ्याचा उद्याचा शिधा मोजून देऊन तुझे बाबाही गादीवर पडल्याबरोबर घोरू लागले आहेत, आणि कार्यालयाच्या कोठीघरात, नारळांच्या पोत्याला पाठ टेकून, मी हे लिहीत आहे. तुझी अष्टपुत्री, म्हणजे मामाने आणलेले ते पिवळे लुगडे, उशाशी घडी करून ठेविले आहे. हा कागद त्याच्या घडीत घालणार आहे. उद्या अंतरपाट धरीपर्यंत गौरीहारापाशी तुला बराच वेळ एकटीने बसावे लागेल, आणि या दोन दिवसांच्या धामधुमीत तुझ्या वाट्याला येणारा तेवढाच एक निवांत अवसर आहे असे माझे पक्के मत असल्यामुळे, तो मी थोडासा मागून घेत आहे. पाटावर तांदळांच्या राशीत बसविलेली अन्नपूर्णा तुझ्यासमोर असेल. तिच्यावर चिमटीचिमटीने अक्षता वाहताना डावा हात मोकळाच असतो, त्या हातात हे पत्र धरता येईल. गुरुजी रागावणार नाहीत, मी त्यांना विचारून ठेविले आहे.

ती अन्नपूर्णा माझ्या लग्नातली आहे. तिच्या हातातली पळी किंचित वाकलेली दिसेल. तू रांगती असताना देवघरात शिरून तिच्याशी भातुकली मांडली होतीस, त्याची ती खूण आहे. सोनाराकडून सरळ करून घ्यावी असे मावशीने परवा सुचविले, पण माझ्याच्याने ते झाले नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, माझे लग्न पाहिले नाही. ती आजारी नव्हती की कोठे दूर नव्हती. वाईच्या त्या जुन्या वाड्यात, पुढच्या अंगणातल्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर, मागच्या अंगणात तुळशीवृंदावनापाशी ती उभी होती, आणि पुढे मंगलाष्टके चालली असताना तांब्यातले पाणी तुळशीला घालीत होती. मुलीच्या डोक्यावर अक्षता पडत असता तिच्या जन्मदात्रीने समोर राहू नये, तेवढा वेळ तुळशीला पाणी घालावे, हा आपल्याकडील अनेक घराण्यांतला रिवाज तू ऐकून आहेस. कोणी म्हणतात, आईची दृष्ट सर्वांत लवकर लागते. कोणी म्हणतात, ऐन मुहूर्तावर आईच्या डोळ्यांतून टिपूस गळले तर अशुभ. एका आत्याबाईंचे म्हणणे असे की, आईला समोर पाहून मुलीचाच पाय अडतो. कारणे इतकी निरनिराळी निघाली की एकही खरे नसावे, असा माझा ग्रह झाला आहे.

आजी मला पुढे कधीतरी सांगत असे की, तिने माझे लग्न कानांनी पाहिले. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी होणारा ‘सावधान’चा गजर ती मोजीत होती, मध्येच कोणा हौशी काकांनी स्वतः रचलेले एक लांबलचक अष्टक चालीवर घेतले, तेव्हा तांब्यातले पाणी संपले आणि विहिरीवर जाण्याइतका धीर नसल्यामुळे ती रिकामाच तांब्या कलता धरून उभी राहिली. मग वाजंत्री कडाडली, टाळ्या झाल्या, आणि लग्न लागले हे तिला समजले. तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आईला तर वाजंत्रीआधी आणखी एका गोष्टीकडे कान लावावा लागला होता. त्या काळी जोशीबुवा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडीत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात तरंगत ठेवावयाची, ती हळूहळू भरून चोवीस मिनिटांनी बुडाली की एक घटिका झाली. वाटी बुडाल्याची ललकारी झाली की मागच्या दारी उभ्या असलेल्या बाईने पहिला तांब्या तुळशीत ओतावयाचा, असा तो क्रम होता.

माझ्या लग्नाच्या फोटोंच्या पुस्तकात आजी कोठे कोठे आहे, हे मी या महिन्यात पुन्हा एकदा पाहिले. अंतरपाटाच्या वेळी दोन्ही मामा आहेत, गुरुजी आहेत, अक्षता उधळण्याच्या घाईत तोंड उघडे राहिलेले शेजारी आहेत, आजी नाही. ती दिसते थेट कन्यादानाच्या फोटोत. पदर डोक्यावरून ओढून घेतलेला, निऱ्यांचा काठ ओला होऊन पायांना चिकटलेला, आणि हातात झारी.

त्या झारीविषयी तुला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण उद्या ती माझ्या हातात असेल आणि तू मान खाली घालून बसलेली असल्यामुळे तुला तिचे फक्त पाणी दिसेल. खाली काशाचे पात्र ठेवितात. त्यावर वराची ओंजळ, तीवर वधूची, तीवर वधूपित्याची, आणि या तीन ओंजळींवर वधूच्या आईने पाण्याची संतत धार धरावयाची. धार तुटता कामा नये, हीच त्यातली मुख्य अट. तांब्याने हे काम नीट होत नाही. तांब्याचा काठ रुंद, त्यामुळे आरंभी पाणी भसकन पडते, बाबांच्या बाह्या भिजतात, आणि मग हात आवरून घेतला की धार थेंबांवर येते. झारीची तोटी अरुंद असल्याने सुतासारखी बारीक धार दीर्घकाळ टिकते. मात्र तोटीत चिंचेचा चोथा किंवा जुना कीट अडकलेला असेल तर ऐन वेळी ती घशात घास अडकल्यासारखी गुरगुरते. म्हणून कालच ती चिंचेने घासून, तोटीतून वाळ्याची काडी फिरवून, पाणी सोडून पाहिली. घरातली भांडी हल्ली सगळीच पोलादी. पितळ घासताना हाताला येणारा तो आंबट वास मला फार दिवसांनी आला.

आणि ही धार इतका वेळ का धरावी लागते, याचा खुलासा असा की, त्या वेळी गुरुजी दोन्ही कुळांची नामावळी म्हणतात. अमक्याचा पणतू, अमक्याचा नातू, अमक्याचा पुत्र असा जो वर, त्याला अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची कन्या अशी ही वधू; गोत्र-प्रवरांसह हे सारे तीनदा उच्चारावयाचे. तू कान देऊन ऐकशील तर तुझ्या ध्यानात येईल की, त्या संपूर्ण दफ्तरात एकही बाई नाही. तुझे पणजोबा आहेत, ज्यांना तू पाहिलेही नाहीस. ज्या आजीने तुला न्हाऊमाखू घातले ती नाही, आणि मी नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माझ्याही लग्नात असेच झाले, आणि तेव्हा मला ते जाणवलेसुद्धा नव्हते. परंतु आता असे वाटते की, ज्या कोणी ही रीत घातली त्याने नावे बापांची घेतली आणि पाणी आईच्या हाती दिले. नाव उच्चारून होताच संपते, पाणी मात्र तुमच्या तिघांच्या बोटांमधून खाली जाताना मला दिसणार आहे. वराने ‘नातिचरामि’ म्हणून वचन देईतो ते चालू राहील. जावईबापूंचा आवाज बारीक आहे. त्यांनी ते मोठ्याने म्हणावे एवढी ताकीद मात्र तुझ्या मामाने त्यांना आधीच देऊन ठेविली आहे.

मी गुरुजींना सरळ विचारले, की आईने मंगलाष्टकांच्या वेळी तुळशीपाशीच असावे असे त्यांच्या पोथीत लिहिले आहे काय. ते सज्जन गृहस्थ आहेत. हसले आणि म्हणाले, बाई, मंगलाष्टके आणि अंतरपाट हीच मुळी लौकिक रीत, शास्त्रातला विवाह तो पाणिग्रहण, लाजाहोम आणि सप्तपदी. कायद्याचेही तेच म्हणणे आहे, हे मला तुझ्या काकांनी सांगितले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात असे कलमच आहे की, ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल पडताच पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे ज्या क्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या आयांना मागच्या दारी पाठविले, तो क्षण पोथीच्याही हिशेबी लग्नाचा नाही आणि सरकारच्याही नाही. आजी असती तर हे तिला सांगताना मला मौज वाटली असती. ती बहुधा म्हणाली असती, असेल, पण पाणी घालून तुळशीचे काही वाईट झाले नाही.

या कार्यालयाच्या व्यवस्थापकानेही आमच्यासारख्यांची तजवीज करून ठेविली आहे, हे पाहून मला आज दुपारी हसू आवरेना. भटारखान्याच्या मागच्या बोळात, भांडी घासण्याच्या मोरीशेजारी, एक प्लास्टिकची कुंडी आहे आणि तीत तुळशीचे एक काटकुळे रोप. ‘वधूमातेसाठी’ म्हणून तेथे तांब्याही ठेवितात. तेथे उभे राहिले असता मंगलाष्टकेसुद्धा नीट ऐकू येत नाहीत, कारण शेजारी हवा बाहेर टाकणारा पंखा घरघरत असतो. मी उद्या पहाटे स्नान झाल्यावर त्या रोपाला पाणी घालणार आहे, नेहमीच्या रीतीने, कारण ते खरोखरच तहानलेले दिसते. मुहूर्ताला मात्र मी मांडवात असेन.

हे मी आज सायंकाळी सीमांतपूजनाच्या वेळी ठरविले. विहीणबाईंचे पाय धुण्यासाठी मी तबक पुढे केले, तो त्यांनी पाय मागे घेतले आणि हलकेच म्हणाल्या, ओटी तेवढी भरा, पाय राहू देत. त्यांच्या मागे बसलेल्या थोरल्या जाऊबाईंना ते रुचले नाही हे मला दिसले, विहीणबाईंनाही दिसले असावे; पण त्या हलल्या नाहीत. ज्या बाईने भर सभेत एवढे केले, तिच्या घरी तू जात आहेस, हे कळल्यावर माझी पुष्कळशी काळजी निमाली, आणि शिवाय एवढे धैर्य त्यांना साधते तर मला का साधू नये, असे मनात आले. तुझ्या बाबांच्या मागे, अंतरपाटाच्या जरा डावीकडे मी उभी राहीन. डोळ्यांचे काय होईल ते सांगता येत नाही. मान वर करून पाहू नकोस, तुझ्या मुंडावळ्या सरकतील; मी तेथे आहे एवढे तुला ठाऊक असले म्हणजे झाले.

आणखी एक काम आहे, ते तुम्ही दोघे देवदर्शनाहून परत आल्यानंतरचे. विवाहाची नोंदणी करावी लागेल, आणि त्या अर्जावर लग्नाला हजर असलेल्या तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बाबांनी त्यासाठी मामा, काका आणि त्यांचे ते दफ्तरातले स्नेही अशी नावे परस्पर योजून ठेविली आहेत. त्यांपैकी स्नेह्यांचे नाव गाळावे आणि तेथे माझे घालावे. तारीख ठरली की आधी कळव, म्हणजे मी सकाळच्या गाडीने येईन.

तुझी,
आई